जाहिरातीतला अंगठा

काल सकाळपासून माझा उजवा अंगठा एका सेकंडहँड मोबाइलच्या जाहिरातीत आहे. नख वाढलेलं आहे, याची बायकोला लाज वाटते. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या अंगठ्याखाली काय दडलंय हे मुंबईत फक्त तिघांना ठाऊक आहे आणि त्यातला एक मी आहे.

माझा फोन पावसात गेला. नव्याचे हप्ते झेपेनात, म्हणून जुना शोधायला बसलो आणि चार दिवसांनी दोन जाहिराती उरल्या. मॉडेल एकच, रंगही एकच. पहिला भांडुपच्या कोणा गृहस्थाचा, तेरा हजार. त्यांनी फोन बंद करून, बाल्कनीत वर्तमानपत्रावर ठेवून, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढले होते. काचेवर चरेच चरे, जणू कोणी काथ्यानं घासलीय. दुसरा डोंबिवलीच्या एका मुलाचा, साडेचौदा हजार, 'मिंट कंडिशन'. काच कशी, तर आरसा. मी भांडुपकरांना 'फारच स्क्रॅच आहेत हो' असं कळवून मोकळा झालो. ते फक्त 'बरं' म्हणाले. सभ्य माणूस.

आता अक्कल आलीय, ती सांगतो. चरा हा मुळात बारीक खड्डा. त्यावर बाजूनं उजेड पडला की तो चमकतो, आणि स्क्रीन बंद, काळी असली तर जास्तच. तिरप्या उन्हात तर रोजच्या वापरात कधी जाणवणार नाहीत असे केसासारखे चरेसुद्धा ओरडायला लागतात. म्हणजे भांडुपकरांचा फोन खराब नव्हता, त्यांचा उजेड खरा होता.

डोंबिवलीच्या मुलाचे सहा फोटो आता उलट्या नजरेनं बघा. पहिल्यात स्क्रीन चालू, पांढराशुभ्र वॉलपेपर, ब्राइटनेस पूर्ण. आतूनच एवढा झगमगाट की वरचे चरे त्यात बुडाले. दुसऱ्यात फोन बंद होता, म्हणून मी खूश झालो. नीट पाहिलं तर काचेत त्याच्या छताचा पंखा दिसत होता, अगदी पात्यांवरच्या धुळीसकट. पंखा इतका स्वच्छ दिसतोय म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस त्या लांबच्या पंख्यावर होता आणि काच त्याच्या हिशेबात धूसर झाली होती. तिसऱ्यात पाठ, पण कव्हरात. चौथा खिडकीकडे तोंड करून काढलेला, त्यामुळे कडा नुसती काळी सावली. पाचव्यात फोन हातात धरलेला, तीन कोपरे दिसतायत, चौथ्यावर बोटं. सहावा बिलाचा. शिवाय फोटो अपलोड होताना दाबला जातो, त्यात उरलेसुरले बारीक चरेही पुसले जातात, ते वेगळंच.

सहाही फोटोंत तोच कोपरा गायब आहे, हे मला कधी कळलं? दादर स्टेशनात, पुलाखालच्या बाकड्यावर, संध्याकाळी साडेसहाला. मुलगा नम्र होता. "दादा, बघा की निवांत," म्हणाला. मी चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी नेला. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "असं नाही बघायचं."

सत्तरीचे आजोबा. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं की ते चाळीस वर्षं दादरला साडीच्या दुकानात काउंटरवर होते. "ट्यूबलाइटखाली रंग बघणारं गिऱ्हाईक म्हणजे आमची दिवाळी. शहाणी बाई साडी उचलून उंबऱ्याशी न्यायची. उठा."

मी उठलो. का उठलो, माहीत नाही. प्लॅटफॉर्मच्या कडेला, जिथे छप्पर संपून उजेड येतो तिथे त्यांनी मला उभं केलं, फोन घेतला आणि कव्हर काढलं. "घडी नेहमी डागावर पडते, लक्षात ठेवा." मग तोंडाजवळ नेऊन काचेवर 'हाऽ' करून वाफ सोडली. काचेच्या आत, काठापासून दोन मिलिमीटरवर एक सरळ रेघ उमटली. "हे काय? अस्तर?" अस्तर नव्हे, टेम्पर्ड ग्लास. आरसा होता तो त्या गार्डचा. आजोबांनी नखानं कोपरा उचकटला. मुलगा "काका, काका" म्हणेपर्यंत गार्ड त्यांच्या पिशवीवर होता. खाली दोन लांब ओरखडे, नख अडकेल असे.

"किल्ल्यांचे असतील," मुलगा म्हणाला.

हे मात्र मला वाचून माहीत होतं. खिशातल्या किल्लीचा धातू बहुधा काचेपेक्षा मऊ असतो. वाळूतला क्वार्ट्झ मोहस् मापपट्टीवर सातव्या पायरीवर बसतो आणि फोनची काच साधारण सहाव्या पायरीलाच ओरखडे घ्यायला लागते. हा फोन चौपाटीवर जाऊन आलेला होता. मी हे सांगितलं, कोणी ऐकलं नाही. आजोबा गौरी-गणपतीच्या गर्दीतली एक पैठणी सांगत होते. त्यात माझी फास्ट लोकल गेली.

मग त्यांनी फोन आडवा धरून छपराखालच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्याच्या कडेवरून सरकवलं. सरळ रेघ सरकत आली आणि खालच्या कोपऱ्याशी मुरडली. तिथे पोचा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. पोच्याचं दुःख दिसण्याचं नसतं. मार तिथे बसलेला असतो, पुढची चीर बरेचदा तिथूनच निघते आणि पाणी अडवणारी डिंकाची कड तिथेच सुटते. पावसात फोन घालवलेल्या माणसाला हे सांगायला नको.

इथवर आजोबा देवमाणूस होते. पण मुलगा रडवेला होऊन "साडेबाराला न्या" म्हणाला आणि गिऱ्हाईक हातचं चाललंय या वासानं आजोबांमधला सेल्समन जागा झाला. त्यांनी, शपथेवर सांगतो, फोन माझ्या खांद्यावर लावला. "रंग खुलतोय तुम्हाला." मग माझ्या हातात दिला. "असा धरा. बोटं मागे. अंगठा इथे. काठ दिसला पाहिजे, बाकी काय दिसायचं ते दिसेल." चाळीस वर्षांची सवय, त्यांनी माझा अंगठा नेमका पोच्यावर ठेवला. मुलानं खिशातून दुसरा फोन काढून क्लिक केलं. "तुम्हालाच पाठवतो दादा, विचार करायला."

पाठवला नाही. मी फोन घेतला नाही. आजोबांनी मात्र "वेळ फुकट घालवला पोराचा" असं मलाच सुनावलं आणि कल्याण गाडीत चढले. मला अजून त्याचं उत्तर सुचतंय.

रात्री भांडुपकरांना मेसेज केला. 'गेला हो, दुपारीच,' ते म्हणाले.

काल सकाळी डोंबिवलीची जाहिरात नव्यानं आली. नवा गार्ड, प्लॅटफॉर्मचा मऊ उजेड, माझा अंगठा आणि खाली ओळ: 'दिवसाच्या उजेडातला ओरिजिनल फोटो, ग्राहकाच्या हातात.' किंमत पंधरा हजार. मी त्याला रागानं लिहिलं, अंगठा काढ. त्यानं अंगठाच पाठवला, पिवळा, वर केलेला.

संध्याकाळी फोटोवर पट्टी आली, 'विकला गेला'. बायको म्हणाली, नख तरी कापून घे.