विषय: पुऱ्या सापडत नाहीत

सपोर्टला पहिला मेल वहिनींनी पाठवला. एका ओळीचा होता: ‘तुमच्या सॉफ्टवेअरने आमच्या पुऱ्या गायब केल्या आहेत, ताबडतोब परत आणा.’ खाली नाव, मोबाइल नंबर आणि हात जोडलेली बाहुली.

वहिनींचं डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर नवीन घेतलेलं, ब्राउझरमध्ये चालणारं. पदार्थांची सगळी यादी त्यांनी दुपारी आडवं पडल्यापडल्या मोबाइलवरून भरली होती. संध्याकाळी काउंटरवरच्या पोऱ्याने कॉम्प्युटरवर ‘पोळी’ टाइप केलं, पोळी आली. ‘भाकरी’ टाइप केलं, भाकरी आली. ‘पुऱ्या’ टाइप केलं, तर ‘या नावाचा पदार्थ आढळला नाही’. ‘भाकऱ्या’, ‘कचोऱ्या’, उत्तर तेच. म्हणजे एक भाकरी विकता येत होती, दोन येत नव्हत्या. आणि यादी खाली सरकवत नेली की पुऱ्या तिथेच, दर डझनाच्या भावासकट.

सपोर्टचं उत्तर आलं. कंपनी मराठीतून सेवा देते, त्यामुळे दिलगिरीसुद्धा मराठीत होती. पुढे मागण्या: सॉफ्टवेअरचं व्हर्जन, नेमक्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि छोटंसं स्क्रीन रेकॉर्डिंग. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, यांना पुऱ्या नकोत, पायऱ्या हव्यात. तुम्हीच बघा आता.” घरात ज्याला प्रिंटर चालू करता येतो त्याच्याकडे ही खाती आपोआप येतात.

व्हर्जन विचारलं की लोक ‘लेटेस्ट’ असं लिहितात. ते व्हर्जन नव्हे, ती भावना आहे. मी ‘मदत’च्या मेन्यूत जाऊन आकडा काढला, 5.3.1. विंडोजचा आकडा `winver` लिहून काढला. ब्राउझरचा काढला. त्यानंतर पायऱ्या: बिलाचं पान उघडा, शोधाच्या चौकटीत ‘पुऱ्या’ लिहा, एंटर दाबा. पदार्थाचं नाव चुकायला नको म्हणून ते यादीतूनच कॉपी करून मेलमध्ये चिकटवलं. अपेक्षित: पुऱ्या. प्रत्यक्षात: काही नाही.

रेकॉर्डिंगसाठी विंडोजमध्ये Win+Alt+R दाबलं की गेम बार चालू विंडो टिपायला लागतो. तो मुळात गेम खेळणाऱ्यांसाठी आहे, पण पुऱ्या शोधणाऱ्यांना मनाई नाही. फाइल व्हिडिओंच्या फोल्डरातल्या Captures नावाच्या फोल्डरात जाऊन बसते. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या टॅबवर बँकेचं नाव दिसत होतं, दुसऱ्यात पोऱ्या मागून “टाइप नीट कर की” असं मला सांगताना ऐकू येत होता. म्हणून बाकीचे टॅब आणि माइक बंद केले आणि पोऱ्याला चहाला पाठवलं. जीमेलला पंचवीस एमबीच्या पुढचं अटॅचमेंट चालत नाही, पण वीस सेकंदांची पुरी त्यात आरामात मावते.

उत्तर दुसऱ्या दिवशी: ‘सर, आपण दिलेल्या पायऱ्यांप्रमाणे तपासले. पदार्थ व्यवस्थित सापडत आहे. सोबत रेकॉर्डिंग जोडत आहे.’

जोडलेलं होतं खरंच. त्यांच्या स्क्रीनवर शोधाच्या चौकटीत ‘पुऱ्या’, खाली पुऱ्या. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ‘पुऱ्या’, खाली काही नाही. दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून थांबवले. काना, उकार, अर्ध्या र ची ती पापणीसारखी रेघ, सगळं तंतोतंत तेच. वहिनींनी चष्मा पुसून पाहिलं आणि निकाल दिला, “त्यांच्याकडचं दुकान नीट चालतं, आपलंच नशीब फुटकं.”

पण त्यांच्या व्हिडिओत एक गोष्ट होती. त्यांनी ‘पुऱ्या’ टाइप केल्याच नव्हत्या. शब्द अक्षराअक्षराने उमटला नाही, एकदम पडला. माझ्या मेलमधून उचलून चिकटवलेला! आणि माझ्या मेलमधला वहिनींच्या यादीतून उचललेला. म्हणजे त्यांनी वहिनींच्या पुऱ्यांनीच वहिनींच्या पुऱ्या शोधल्या, त्या सापडणारच. यादीतलं नाव मीही काउंटरवरच्या शोधात चिकटवून पाहिलं. सापडलं. हाताने टाइप केलं, गायब.

मग ब्राउझरमध्ये F12 दाबून कन्सोल उघडला. क्रोमचा कन्सोल पहिल्यांदा काही पेस्ट करू देत नाही, आधी ‘allow pasting’ असं लिहून द्यावं लागतं. सरकारी कचेरीत चालेल असा हा खाक्या आहे. ते लिहून दिलं आणि विचारलं:

```
[..."पुऱ्या"].map(c => c.codePointAt(0).toString(16))
```

अवतरणात आधी हाताने टाइप केलेला शब्द ठेवला, मग यादीतला. उत्तरं अशी:

```
92a 941 931 94d 92f 93e
92a 941 930 94d 200d 92f 93e
```

कॉम्प्युटरवरच्या पुऱ्या सहा अक्षरांच्या, मोबाइलवरच्या सात.

भानगड अशी. ही पापणीची रेघ कॉम्प्युटरच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक तऱ्हा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ (931), त्याला हलन्त. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो Shift+J ला बसतो. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र (930), हलन्त, आणि त्यानंतर 200d हा अदृश्य जोडणारा. याला स्वतःचा आकार नाही, रुंदी नाही. तो फक्त साध्या र ला सांगतो की पुढच्या य च्या डोक्यावर रफार होऊन चढू नकोस, त्याच्या आधी अर्धा उभा राहा. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत हीच रीत होती, म्हणून ती आजही वैध आहे. कुठला कीबोर्ड कुठली तऱ्हा वापरतो हे बनवणाऱ्यावर. वहिनींचा मोबाइल सात अक्षरी निघाला आणि काउंटर सहा अक्षरी. युनिकोडमध्ये सारख्या अक्षरांना एका रूपात आणण्याची प्रमाणित सोय आहे, पण ती या दोघांना एक मानत नाही. सॉफ्टवेअरने स्वतःहून मानलं तरच.

आता हे सपोर्टला दाखवायचं कसं? स्क्रीनवर जे दिसतच नाही त्याचं रेकॉर्डिंग मागतायत. शिवाय रेकॉर्डिंगमध्ये बोटं दिसत नाहीत, कुठली कळ दाबली ते कळत नाही. त्यावर उपाय विंडोजनेच ठेवलाय. Win+Ctrl+O दाबलं की स्क्रीनवर कीबोर्ड उगवतो. त्याच्यावर माउसने कळ कळ दाबत गेलं की पाहणाऱ्याला सगळं दिसतं. फक्त गेम बार एकाच अ‍ॅपची विंडो टिपतो, त्यामुळे हा कीबोर्ड त्यात येतच नाही. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये स्क्रीनचा चौकोन आखून रेकॉर्ड करता येतं. त्या चौकोनात कीबोर्ड आणि बिलाचं पान दोन्ही बसवले.

नवा मेल असा झाला. विषय: पुऱ्या सापडत नाहीत (पदार्थ मोबाइलवर भरून शोध कॉम्प्युटरवर केल्यास). पायरी १: मोबाइलवरून ‘पुऱ्या’ हा पदार्थ भरा. पायरी २: विंडोजवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा. पायरी ३: शोधात अनुक्रमे h, g, Shift+J, d, / आणि e या कळा दाबा. त्याखाली ठळक अक्षरांत: कृपया या मेलमधून शब्द कॉपी करू नये. त्याखाली कन्सोलच्या दोन ओळी. त्याखाली वहिनींच्या आग्रहाखातर: ‘रविवारी श्रीखंड-पुरीच्या ऑर्डरी आहेत.’

या वेळी उत्तर दिलगिरीशिवाय आलं. ‘सर, आमच्याकडेही येत आहे. डेव्हलपर टीमकडे पाठवले आहे.’ ‘आमच्याकडेही येत आहे’ हे वाक्य डॉक्टरने ‘हो, हाड मोडलंय’ म्हणावं तसं वाटलं. दुखणं तेवढंच, पण आपण खोटे नाही.

व्हर्जन 5.3.2 आलं आणि पुऱ्या सापडायला लागल्या. पोऱ्याने टाळ्या वाजवल्या. मग वहिनींनी महिन्याच्या खर्चाची पानं छापली आणि मला हाक मारली. पगाराच्या नोंदी त्या मोबाइलवरूनच करतात. तिथे ‘आचाऱ्यांना पगार’ लिहिलेलं होतं, कागदावर ‘आचार्यांना पगार’ उमटलं होतं. डेव्हलपरने सोपा मार्ग काढला होता: अदृश्य अक्षरं म्हणजे कचरा, सगळी झाडून टाका. शोध थोडा सैल केला, त्यामुळे पुऱ्या मिळाल्या. पण 200d गेल्यावर साध्या र ला अडवायला कोणी राहिलं नाही, तो य च्या डोक्यावर चढून बसला. बिलावरही ‘पुर्या – २ डझन’.

पुन्हा मेल. व्हर्जन 5.3.2. पायऱ्या आता पाठ झाल्या होत्या. या वेळी रेकॉर्डिंगसोबत छापलेल्या पानाचा फोटोही जोडला आणि डेव्हलपरसाठी एक ओळ: 200d काढू नका, सात अक्षरी रूप सहा अक्षरी करून घ्या, साठवतानाही आणि शोधतानाही.

```
s.replace(/\u0930\u094D\u200D/g, "\u0931\u094D")
```

जुन्या नोंदींतून जो 200d एकदा झाडला गेला, तो परत कुठे घालायचा हे मात्र यंत्राला कळत नाही. ‘आचार्यांना’ हाही धडधाकट शब्दच आहे. त्या नोंदी हातानेच दुरुस्त कराव्या लागणार, असं सपोर्टने प्रामाणिकपणे कळवलं. 5.3.3 मध्ये बाकी सगळं जागेवर आलं. नव्या व्हर्जनची माहिती देणाऱ्या चौकटीत एवढंच होतं: ‘किरकोळ सुधारणा.’

वहिनी संध्याकाळी जुन्या नोंदी दुरुस्त करायला बसल्या. पुऱ्या झाल्या, कचोऱ्या झाल्या. पगाराच्या पानावर आल्या तेव्हा मागे कढईपाशी उभा असलेला आमचा आचारी वाकून स्क्रीन वाचत होता.

“ताई,” तो म्हणाला, “ते तेवढं राहू द्या तसंच.”