फरकांच्या तळाशी उरलेली संख्या म्हणजे नियम नव्हे

"रीझनिंगच्या सगळ्या संख्यामालिकांना एकच चावी लागते. शेजारच्या संख्यांतला फरक काढा. नियम दिसला नाही तर फरकांचा फरक काढा, तरी नाही तर आणखी एकदा. शेवटी एकच संख्या उरते, तिथून उलट वर चढत या, उत्तर मिळालं. ते पर्यायांत नसेल तर प्रश्नच चुकीचा, बिनधास्त आक्षेप घ्या. आकृतीत संख्या असतील तर त्या ओळीत मांडून हेच करा."

पोलीस भरतीची आणि शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर हा मजकूर फिरतो आहे. सोबत प्रश्नपत्रिकांचे फोटो आणि खाली उत्तरांवरून वाद. यातला प्रत्येक दावा वेगळा तपासायला हवा, कारण एक अर्धा खरा आहे आणि बाकीचे गुण घालवणारे आहेत.

आधी तो तळाशी उरणारा एकटा आकडा. तो उरतो हे खरं आहे, पण तो नेहमीच उरतो. पाच संख्या घेतल्या की चार फरक मिळतात, मग तीन, मग दोन, मग एक. तुमच्या मोबाईल नंबरातले कुठलेही पाच अंक घ्या, तळाशी एक संख्या उरेलच आणि तिथून वर चढत आलात तर 'पुढचं पद'ही मिळेल. मोबाईल नंबरात कुठलाही नियम नसतो. मग जी पद्धत नियम नसतानाही उत्तर देते, तिने उत्तर दिलं म्हणून नियम सापडला असं कसं म्हणायचं?

एक मालिका सोडवून पाहू: ७, १५, ३२, ६७, १३८, ?

फरक ८, १७, ३५, ७१. त्यांचे फरक ९, १८, ३६. पुन्हा ९, १८. तळाशी ९. आता हा ९ कायम धरून वर चढलं की १८ नंतर २७, ३६ नंतर ६३, ७१ नंतर १३४ आणि उत्तर २७२. पेपर काढणाऱ्याला ही वाट ठाऊक असेल, तर २७२ हा पर्याय तो मुद्दाम ठेवेल.

आता मालिकेकडे नुसतं बघा. प्रत्येक पद आधीच्या पदाच्या दुपटीहून थोडं मोठं आहे. ७ ची दुप्पट १४, त्यात १ मिळवला की १५. १५ ची दुप्पट ३०, त्यात २ मिळवले की ३२. इथवर अंदाज बांधून झाला: दुप्पट करायची आणि १, २, ३ असं वाढतं मिळवायचं. हा अंदाज पहिल्या तीन पदांवरून बांधला, त्यामुळे ६७ आणि १३८ ही पदं त्याच्या परीक्षेला शिल्लक आहेत. ३२ ची दुप्पट ६४ आणि ३, म्हणजे ६७. ६७ ची दुप्पट १३४ आणि ४, म्हणजे १३८. दोन्ही पदं न सांगता जुळली. पुढचं पद २७६ आणि ५, म्हणजे २८१.

२७२ आणि २८१ यांतला खरा फरक इथे आहे. २७२ चा नियम बसवताना पाचही पदं खर्ची पडली, तपासायला एकही उरलं नाही. २८१ च्या नियमाने तीन पदं वापरली आणि दोन पदांनी त्याची साक्ष दिली. नियमाला किती पदांची साक्ष मिळाली हे मोजणं हीच या प्रश्नांतली मुख्य कसोटी आहे. ज्याला एकाही पदाची साक्ष नाही, त्याला नियम म्हणू नये. खरं तर याच मालिकेत फरकांची दुसरी ओळही बोलत होती: ९, १८, ३६, म्हणजे दर वेळी दुप्पट. तिथेच थांबून पुढचा ७२ लिहिला असता, तर ७१ आणि ७२ मिळून १४३ आणि १३८ अधिक १४३ म्हणजे २८१ हेच आलं असतं. आंधळेपणाने आणखी दोन पायऱ्या खाली उतरल्यामुळे उत्तर हातचं गेलं.

फरकांची पद्धत जिथे चालते तिथे फार चांगली चालते. एखाद्या ओळीत तोच आकडा निदान तीनदा आला की विश्वास ठेवावा. एकदाच आलेला आकडा 'कायम' आहे असं म्हणायला काही आधार नसतो.

मालिका आडव्यातिडव्या उड्या मारत असेल तर फरक काढत बसण्यात वेळच जातो. ४, ११, ८, २२, १६, ३३, ३२, ? इथे फरक अधिक ७, उणे ३, अधिक १४, उणे ६ असे चढउतार करतात. हा चढउतार दिसला की एक सोडून एक पद वाचायचं: ४, ८, १६, ३२ ही एक मालिका आणि ११, २२, ३३ ही दुसरी. उत्तर ४४. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, तिथे असल्या मालिकेचे पाच-सहा थर फरक काढणं परवडत नाही.

आता पर्यायांत उत्तर नसण्याबद्दल. ग्रुपवर येणारे बहुतेक प्रश्न हे फोटो असतात: दुमडलेला कागद, वरून पडलेली बोटाची सावली, तिरका कॅमेरा. असा फोटो बघून कोणी मालिका टाइप करतो आणि पुढे सगळे त्या टाइप केलेल्या मालिकेवरच भांडतात. म्हणून प्रश्नाला चुकीचा ठरवण्याआधी वाचन तपासलं पाहिजे. गंमत म्हणजे त्यासाठी फरकांचा तक्ताच सगळ्यांत कामाचा आहे.

समजा मालिका अशी वाचली गेली: ४, ९, ११, ३४, ५४, ७९, ? तळापर्यंत जाऊन वर चढलं तर उत्तर २२९ येतं आणि ते पर्यायांत नसतं. आता तळापर्यंत न जाता दुसऱ्या ओळीवर थांबा. फरक ५, २, २३, २०, २५. फरकांचे फरक उणे ३, २१, उणे ३, ५. मधला २१ बाकीच्यांत बसत नाही आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तोच उणे ३ आहे. ही खूण महत्त्वाची. सगळीकडे ५ असायला हवे होते असं धरलं, तर या ओळीतली तफावत उणे ८, अधिक १६, उणे ८ आणि शेवटी शून्य अशी दिसते. एकच पद चुकलं तर दुसऱ्या फरकांत ती चूक नेमकी याच प्रमाणात पसरते: एकपट, उलट चिन्हाने दुप्पट, पुन्हा एकपट. कारण चुकलेलं पद पहिल्या ओळीतल्या दोन फरकांत शिरतं, एकात अधिक होऊन आणि दुसऱ्यात उणे होऊन, आणि त्यांच्यामधल्या फरकात दोन्ही एकत्र येतात. दुप्पट तफावत ज्या पदाच्या खाली येते ते चुकलेलं पद. इथे ते ११ आहे आणि ते ८ ने कमी वाचलं गेलं आहे. म्हणजे ते १९ हवं.

मग पुन्हा फोटो मोठा करून बघायचा. देवनागरीत १ आणि ९ अंधुक छपाईत एकमेकांसारखे दिसतात, आणि घडी त्याच अंकावरून गेली असेल तर १९ चा ११ सहज होतो. १९ धरला की फरक ५, १०, १५, २०, २५ आणि पुढचं पद ७९ अधिक ३०, म्हणजे १०९. पर्यायांत १०९ असेल तर प्रश्न शुद्ध होता, वाचणारा चुकला होता.

या तपासणीलाही मर्यादा आहे. चुकलेलं पद अगदी शेवटचं असेल, समजा ७९ चा ७१ वाचला, तर दुसऱ्या ओळीत ५, ५, ५, उणे ३ असं दिसतं. काहीतरी बिघडलंय हे कळतं, पण वाचन चुकलं की नियमच बदलला, हे आकड्यांवरून ठरत नाही. तिथे मूळ कागदच लागतो. दोन शेजारची पदं चुकली असली तरी हाच घोळ होतो. आणि फोटोत प्रश्नाची वरची सूचना कापली गेली आहे का हे जरूर बघा. 'चुकीचे पद ओळखा' असा प्रश्न असेल, तर छापलेला ११ हेच उत्तर असतं आणि आपण तो दुरुस्त करून पुढचं पद शोधत बसतो.

खरोखर सदोष प्रश्न असतात, ते नाकारायचं नाही. २, ४, ८, ? असं विचारून पर्यायांत १४ आणि १६ दोन्ही दिले, तर दुप्पट धरून १६ येतात आणि फरक २, ४, ६ धरून १४. फार कमी पदं दिली की असं होतं. पाच पदं दिली तरी कधी निभत नाही: १, २, ४, ८, १६ नंतर ३२ येतील असं वाटतं, पण वर्तुळावरचे बिंदू एकमेकांना जोडून पडणारे भाग मोजले (तीन रेषा एकाच ठिकाणी छेदू न देता), तर सहा बिंदूंना ३१ भाग पडतात, ३२ नाही. अशा वेळी आक्षेप घ्यावा, पण त्यात दोन्ही नियम लिहून प्रत्येकाला दिलेली सगळी पदं कशी जुळतात ते दाखवावं. 'माझं उत्तर पर्यायांत नाही' एवढ्यावर आक्षेप उभा राहत नाही.

राहिली आकृती. त्रिकोणाच्या तीन टोकांना तीन संख्या आणि मध्ये एक, असे तीन त्रिकोण आणि शेवटच्याच्या मध्यात प्रश्नचिन्ह. या संख्या ओळीत मांडल्या की जागा हरवते आणि नियम जागेतच असतो. पहिल्या त्रिकोणात वर २, डावीकडे ३, उजवीकडे ५ आणि मध्ये ११ आहे. २ गुणिले ३ अधिक ५ म्हणजे ११. पण २ अधिक ३ चा वर्ग हेही ११ च. एका आकृतीवरून दोन्ही नियम जिवंत राहतात. दुसऱ्या त्रिकोणात वर ४, डावीकडे २, उजवीकडे ६, मध्ये १४. पहिला नियम: ४ गुणिले २ अधिक ६ म्हणजे १४. दुसरा नियम: ४ अधिक २ चा वर्ग म्हणजे ८, तो बाद. तिसऱ्यात वर ३, डावीकडे ५, उजवीकडे ४. उत्तर १५ अधिक ४, म्हणजे १९. पहिल्याच आकृतीवर घाई केलेल्याला २८ मिळतील. आणि फोटो आडवा पाठवला असेल तर आधी तो सरळ करून घ्यावा: वरचा आकडा बाजूला गेला की गुणायच्या दोन संख्या बदलतात, आणि इंग्रजी आकड्यांतला सहा उलट्या फोटोत नऊ होऊन बसतो. शेजारचे ४, ५ किंवा ७ उलटे दिसतात का, एवढं बघितलं की ते लगेच कळतं.