खुलासा: शेवटी लिंक दिली की काम भागत नाही

‘ट्वीट, यूट्यूब, न्यूज साइट सगळं पब्लिक असतं. मीडियाच्या निबंधात शेवटी लिंक टाका, प्लेजरिझम लागत नाही.’

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज चुकीचा आहे. संदर्भ कसे द्यायचे हे सांगणाऱ्या एपीए शैलीच्या सातव्या आवृत्तीत याचे नियम स्पष्ट आहेत. शेवटच्या यादीतून निबंधातलं नेमकं कुठलं वाक्य कुणाचं, हे कळत नाही. म्हणून उल्लेख त्या वाक्यापाशीच हवा.

ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांचं पहिलं ट्वीट घ्या. मजकुरात ते अवतरणचिन्हांत येईल आणि लगेच कंसात (डॉर्सी, 2006). यादीतली नोंद अशी:

```
डॉर्सी, जे. [@jack]. (2006, मार्च 21). just setting up my twttr [ट्वीट]. ट्विटर. https://twitter.com/jack/status/20
```

ट्वीट लांब असेल तर नोंदीत पहिले वीस शब्द पुरतात. शुद्धलेखन मात्र सुधारायचं नाही, मूळ जसं आहे तसंच ठेवायचं. व्हिडिओला लेखकाच्या जागी तो अपलोड करणारं चॅनेल येतं, आणि थेट वाक्य उचललंत तर ते जिथे सुरू होतं ती वेळ, उदाहरणार्थ 2:14, कंसात द्यायची.

खरी गोची बातम्यांत होते. बातमीतली दोन-चार क्रियापदं बदलून परिच्छेद ‘आपल्या शब्दांत’ लिहिला, तरी वाक्यांचा क्रम आणि मांडणी बातमीदाराचीच राहते. खाली लिंक असली तरी ही उचलेगिरीच. बातमीत छापलेलं ट्वीट मूळ खात्यावर पाहिलं नसेल, तर उल्लेख बातमीचा करा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. सबमिशन तोंडावर आलंय.