हेगेलच्या नावावर खपणारा त्रिकोण

"हेगेलचा डायलेक्टिक एकदम सोपा आहे. एक विचार असतो, तो थीसिस. त्याला विरोधी विचार भेटतो, तो अँटिथीसिस. दोघांची टक्कर होते आणि दोन्हींतलं चांगलं तेवढं घेऊन मधला मार्ग निघतो, तो सिंथेसिस. मग तोच नवा थीसिस होतो आणि चक्र पुढे चालू. इतिहास, राजकारण, विज्ञान, सगळीकडे हाच फॉर्म्युला लागतो."

जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचा डायलेक्टिक, म्हणजे विरोधातून पुढे सरकणारी विचाराची रीत, परीक्षेच्या नोट्समध्ये साधारण अशी सांगितलेली असते. आधी मालकीचा प्रश्न मिटवू: हे तीन शब्द मुळात कोणाचे? थीसिस आणि अँटिथीसिस ही जोडी ठळकपणे दिसते ती हेगेलच्या आधीचा जर्मन तत्त्वज्ञ कांट याच्या १७८१च्या ग्रंथात. जगाला काळात सुरुवात आहे, हा थीसिस. नाही, हा अँटिथीसिस. आणि दोन्ही बाजू समोरासमोर सिद्ध करून दाखवलेल्या. पण त्या वादाचा निकाल सिंथेसिसने लागत नाही. कांट म्हणतो, दोन्ही पक्ष खोटे, कारण अख्खं जग ही एक पूर्ण वस्तू म्हणून आपल्यापुढे कधी येतच नाही. तीन शब्दांची पद्धत बांधली ती कांटच्या मागून आलेल्या फिख्टे या तत्त्वज्ञाने, जर्मनीतल्या येना इथे, १७९४-९५ मध्ये. हेगेल १८३१ मध्ये वारला. १८३७ मध्ये खालिबेउस नावाच्या प्राध्यापकाने कांट ते हेगेल हा प्रवास सामान्य वाचकांना समजावून देताना हे तीन शब्द हेगेलला चिकटवले. १८४७ मध्ये मार्क्सने प्रूदाँ या फ्रेंच समाजवादी लेखकाची खिल्ली उडवताना तेच वापरले, आणि मार्क्सचे वाचक हेगेलच्या वाचकांपेक्षा केव्हाही जास्त.

म्हणजे फॉर्म्युला फिख्टेचा, एवढं म्हणून सुटता येईल का? नाही. कारण फिख्टेकडेही तो असा नाही.

त्याचं पहिलं तत्त्व असं: 'मी' स्वतःला मांडतो. इथे 'मी' म्हणजे कुणी अमुक माणूस नव्हे. जाणीव ज्या कृतीवर उभी आहे ती कृती. दुसरं: 'मी'च्या विरुद्ध 'मी-नव्हे' मांडलं जातं. हे पहिल्यातून तर्काने निघत नाही. विरोध करणं ही स्वतंत्र कृती आहे, हे तो मुद्दाम सांगतो. आता अडचण बघा. 'मी-नव्हे' जिथे आहे तिथे 'मी' असू शकत नाही. पण 'मी-नव्हे' मांडायला जागा कुठे आहे? त्याच जाणिवेत, म्हणजे 'मी'मध्येच. तर 'मी' आहेही आणि नाहीही. तिसरं तत्त्व या कोंडीतून निघतं. दोघं एकमेकांना पुरते पुसून न टाकता एकत्र राहायचे, तर एकच वाट उरते: एकाने दुसऱ्याला मर्यादा घालायची. मर्यादा म्हणजे काही अंशी नाकारणं. म्हणून दोघांनाही अंश असले पाहिजेत, दोघंही विभाज्य असले पाहिजेत. फिख्टेचं वाक्य साधारण असं: 'मी'च्या आत मी विभाज्य 'मी'समोर विभाज्य 'मी-नव्हे' उभा करतो.

यात मधला मार्ग कुठे आहे? विक्रेता शंभर म्हणाला, गिऱ्हाईक साठ म्हणालं आणि ऐंशीला सौदा पटला, असं इथे काही घडत नाही. 'विभाज्यता' पहिल्या दोन तत्त्वांत नव्हतीच, त्यामुळे ती त्यांच्यातून वेचून घेता येत नाही. ती बुद्धीच्या फर्मानाने येते, असं फिख्टे स्वतः म्हणतो.

आणि पुढचं पाऊल तर नोट्सवाल्यांच्या अगदी उलट आहे. सिंथेसिसला नवा शत्रू बाहेरून भेटत नाही. फिख्टे तेच वाक्य उकलतो आणि आत दडलेला विरोध शोधतो. उदाहरणार्थ, "मी स्वतःला 'मी-नव्हे'ने मर्यादित असा मांडतो" या एका वाक्यात 'मी' सोसणाराही आहे (त्याला मर्यादा पडते) आणि करणाराही (ती तोच मांडतो). हा विरोध सोडवायला आणखी एक दुवा घालावा लागतो, त्यातही विरोध सापडतो, आणि ग्रंथ असाच आत आत जातो. ही बांधणी मागून पुढे धावणाऱ्या चक्राची नाही. पहिल्या वाक्यात जे होतं त्याचीच ही उकल.

आता हेगेल. त्याच्या 'तर्कशास्त्र' या ग्रंथाची (पहिला भाग १८१२) सुरुवात प्रत्येक नोट्समध्ये असते: असणं थीसिस, नसणं अँटिथीसिस, होणं सिंथेसिस. हेगेल नेमकं काय करतो ते पाहा. तो म्हणतो, निव्वळ असणं घ्या. कशाचं असणं, कसं असणं, काही जोडू नका. जोडलंत की ते निव्वळ राहत नाही. आता त्यात विचार करण्यासारखं काय उरलं? काहीच नाही. म्हणजे 'असणं' म्हणून जे धरायला गेलो ते 'नसणं' निघालं. समोर कुणी विरोधक येऊन उभा राहिला नाही. उलट 'नसणं' धरायला जावं तर तेही तितकंच कोरं, आणि त्याचा विचार होतो आहे म्हणजे ते आहेच. दोन्ही एकमेकांत विरलेली आहेत, आणि हे विरणं म्हणजेच होणं.

'दोन्हींतलं चांगलं' इथे कोणी कसं निवडावं? निव्वळ असण्यात चांगलं-वाईट असं काहीच नाही, तीच तर त्याची अडचण.

फॉर्म्युला तपासायची सोपी रीत म्हणजे तिसऱ्या पायरीनंतर काय येतं ते बघणं. चक्र खरं असतं तर 'होणं' नवा थीसिस झालं असतं आणि समोर 'न-होणं' यायला हवं होतं. हेगेलकडे तसं येत नाही. होण्यात उद्भवणं आणि लोपणं या दोन दिशा आहेत, दोन्ही एकमेकींना खोडतात, त्यामुळे ही अस्वस्थता टिकत नाही. ती निवते आणि उरतं ते ठराविक असणं: अमुक एक, जे दुसरं काही नाही. मोजणाऱ्याच्या हाती इथे त्रिकोण लागत नाही.

'सगळीकडे लागतो' या दाव्याला उत्तर हेगेलने १८०७ मध्येच दिलं आहे. 'फेनोमेनोलॉजी' या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो तक्रार करतो की कांटला हाताला लागलेला हा त्रिपदी आकार लोकांनी निर्जीव साचा करून टाकला. ज्याच्याकडे दोनच रंग आहेत, ऐतिहासिक चित्राला लाल आणि निसर्गचित्राला हिरवा, अशा चित्रकाराची उपमा तो देतो. रोख त्याच्याच काळातला तत्त्वज्ञ शेलिंग याच्या पद्धतीने निसर्गाला लेबलं डकवणाऱ्यांवर होता, पण आजच्या परीक्षा-गाइडांनाही तो चपखल बसतो.

मात्र उलट टोकाला जाऊन "हेगेलचा तीनशी संबंधच नाही" म्हणणारेही हल्ली पुष्कळ दिसतात. तेही खरं नाही. त्याच्या 'विश्वकोशा'ची अनुक्रमणिका उघडली की तिनाचे गट जिकडेतिकडे. त्याच ग्रंथात विचाराच्या तीन बाजू सांगितल्या आहेत: एखादी गोष्ट पक्की वेगळी धरणारी बाजू, ती धरलेली गोष्ट आपणहून आपल्या विरोधात जाते ती बाजू, आणि त्या विरोधातून काय ठोस हाती आलं ते पाहणारी बाजू. पण हेगेल स्पष्ट करतो की हे तीन वेगळे भाग नव्हेत. प्रत्येक विचाराच्या या तीन बाजू. शिवाय आकड्याबद्दल तो मुळीच हट्टी नाही. 'तर्कशास्त्रा'च्या शेवटच्या प्रकरणात, पद्धतीचा हिशेब देताना तो म्हणतो की मोजायचंच असेल, तर नकार दोनदा येतो म्हणून तीनऐवजी चार पदंही मोजता येतील.