‘वास्तूस’ की ‘वाड्याचं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

«मॅडम, राजवाड्याच्या ध्वनिफितीची संहिता तुम्ही बोलीत का लिहिली, यावरचा तुमचा लेख वाचला. पटला नाही. ऐतिहासिक वास्तूची माहिती ‘झालं-गेलं’ करत देणे म्हणजे पानाच्या टपरीवर इतिहास सांगणे. त्यात ‘पब्लिक’ हा शब्दसुद्धा आहे, कमाल आहे! इंदूरच्या लोकांना हिंदीमुळे संस्कृत शब्द उलट जास्त ओळखीचे असतात, मग ते टाळायचे कशाला? आणि बोली म्हणजे नक्की कुणाची, पुण्याची की तुमची? खरे कारण एवढेच की महाराष्ट्राबाहेर राहून ज्यांची मराठी सुटत गेली, त्यांना प्रमाण भाषा झेपत नाही. — एक वाचक, पुणे»

नमस्कार.

‘पब्लिक’ हा शब्द चुकलाच. तिथे आता ‘लोक’ केलं आहे. ‘लोक’ हा साधा, सगळ्यांचा शब्द हाताशी असताना मी तो का वापरला नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढं मान्य.

बाकीचं उत्तर मात्र तुमच्या शेवटच्या वाक्यालाच द्यावं लागेल, कारण ते वाचून मी दोन दिवस बेचैन होते. ‘ज्यांची मराठी सुटत गेली.’ हे तुम्ही कुणाला म्हणताय, याची तुम्हाला कल्पना आहे का? ज्या शहरात १९३५ साली आणि पुन्हा २००१ साली मराठी साहित्य संमेलन भरलं, त्या शहरातल्या माणसांना. आमच्या चार पिढ्या इथे रामबागेत गेल्या. माझ्या आईनं हिंदी शाळेत शिकून घरी मराठी वाचायला शिकवलं, तेही शेजारच्या सात-आठ मुलांना एकत्र बसवून. तुम्हाला मराठी पाळण्यात मिळाली. आम्हाला ती रोज संध्याकाळी वेळ काढून सांभाळावी लागली. सुटत गेली असती तर तुमची प्रतिक्रिया वाचून राग तरी कशाला आला असता?

आणि प्रमाण भाषा झेपत नाही म्हणता, तर ऐका. माझे वडील गिरणीत कारकून होते. पुण्याहून काकांची पत्रं यायची. ‘आपले पत्र पोहोचले, वाचून आनंद झाला. येथील सर्व क्षेम आहे’ अशी. आजीला दिसत नसे, म्हणून वडील ती मोठ्यानं वाचत. कागदावर ‘पोहोचले’ असे, वडिलांच्या तोंडून ‘पोहोचलं’ येई. ‘येथील’चं ‘इथलं’ होई. लांब वाक्य आलं की ते थांबत, डोळे पुढे नेऊन क्रियापद शोधत आणि मग वाक्याचे दोन तुकडे करून आजीला ऐकवत. त्यांना प्रमाण मराठी येत होती म्हणूनच हे जमत होतं. आजीनं कधी ‘पुन्हा वाच’ म्हटल्याचं मला आठवत नाही. मी संहिता लिहायला लागले तेव्हा दुसरं काही केलं नाही. वडील वाचताना जे करत, ते मी लिहितानाच करून ठेवते.

आता राजवाड्याचा तोच उतारा घेते, कारण टपरीचा टोमणा तुम्ही त्यावरूनच मारला. माझ्याकडे आधी जो मजकूर आला होता, तो असा:

«मल्हारराव होळकर यांच्या कारकिर्दीत बांधकामास प्रारंभ झालेल्या, खालील तीन मजले पाषाणाचे व वरील चार मजले काष्ठाचे असलेल्या या सात मजली वास्तूस इसवी सन एकोणीसशे चौऱ्याऐंशीमध्ये लागलेल्या आगीमुळे मोठी हानी पोहोचली.»

हे तीस शब्दांचं एक वाक्य आहे. छापलेलं वाचताना काही अडत नाही, डोळा मागे जाऊन येतो. पण कानाला मागे जाता येत नाही. आपण कशाबद्दल ऐकतोय हे सांगणारा ‘वास्तूस’ हा शब्द एकविसावा येतो. मिनिटाला साधारण १२० शब्द, या माझ्या नेहमीच्या वेगानं वाचलं तर दहा सेकंद ऐकणारा मजले, पाषाण आणि काष्ठ नुसते हातात धरून उभा राहतो. ते कुठे ठेवायचे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि नेमकं काय झालं हे सांगणारं क्रियापद सगळ्यात शेवटी येतं. तोपर्यंत समोरून एखादी रिक्षा हॉर्न वाजवत गेली, की ते वाक्य गेलं. राजवाड्यासमोरच्या चौकात उभे राहून पाहा, रिक्षा जातेच.

मी त्याचं असं केलं:

«हा राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. मल्हारराव होळकरांच्या काळात याचं बांधकाम सुरू झालं. पुढे एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली इथे आग लागली आणि वाड्याचं फार मोठं नुकसान झालं.»

हे बत्तीस शब्द झाले, म्हणजे दोनच जास्त. माहिती एकही गळलेली नाही. यात कुठे ‘बरं का’ आहे, ‘ना’ आहे, ‘काय सांगू’ आहे? बोलीत लिहिणं म्हणजे गप्पा मारणं नव्हे. एका वाक्यात एक गोष्ट, आणि जिच्याबद्दल बोलायचं ती सुरुवातीला. टपरीवर इतिहास असा सांगत असतील तर टपरीवाल्यांचं कौतुकच करायला हवं.

दोन्ही उतारे मी माझ्या भाच्याला ऐकवले होते. एकोणीस वर्षांचा आहे, हिंदी माध्यमातून शिकला, घरी मराठी बोलतो. आधी जुना, एकदाच, कागद न दाखवता. मग विचारलं, लाकडाचे मजले कोणते? त्याला सांगता आलं नाही. आग लागली एवढं आठवत होतं. ‘काष्ठ म्हणजे काय’ विचारलं तर लगेच म्हणाला, लाकूड. तुमच्या हिंदी-संस्कृतच्या मुद्द्याला माझं उत्तर यातच आहे. शब्द त्याला येतच होते, वाक्य त्याच्या हातून निसटलं. शिवाय ओळखीचा शब्द प्रत्येक वेळी उपयोगी पडतो असंही नाही. इथल्या मुलाला ‘शिक्षा’ ऐकून आधी शिक्षण आठवतं, ‘आपत्ती’ म्हटलं की हरकत, ‘अवकाश’ म्हटलं की सुट्टी. वाचताना संदर्भ पाहून तो सावरतो. ऐकताना सावरायला वेळच मिळत नाही. दुसरा उतारा ऐकून त्यानं चारही गोष्टी क्रमानं सांगितल्या. आता उतारा दुसऱ्यांदा त्याच माहितीचा होता, त्याचा फायदा झालाच असणार. म्हणून मी नंतर शेजारच्या काकूंना फक्त नवा उतारा ऐकवला. त्यांनी साल सोडून सगळं सांगितलं.

‘झालं-गेलं’चा तुम्हाला एवढा तिटकारा का, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे. शुद्धलेखनाच्या नियमांतसुद्धा बोलण्यातले उच्चार दाखवताना ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ असं लिहायला मुभा आहे. आणि निवेदकाचं काम बोलण्याचंच आहे. पण मुभेपेक्षा मोठं कारण वेगळं आहे. लेखी मराठीत ‘घर बांधले’ आणि ‘वाडे बांधले’ यांत क्रियापद एकच दिसतं. बोलताना आपण ‘घर बांधलं’ म्हणतो आणि ‘वाडे बांधले’ म्हणतो. एक की अनेक, हे कानाला शेवटच्या स्वरावरून कळतं. ‘होळकरांचे या परिसरातील सर्वांत जुने…’ एवढं ऐकून पुढे वाडे येणार की देऊळ, हे कुणालाही सांगता येणार नाही. ‘होळकरांचं या भागातलं सगळ्यात जुनं…’ म्हटलं की एकच काहीतरी येणार हे कानानं आधीच ओळखलेलं असतं. म्हणजे ज्याला तुम्ही ढिलेपणा म्हणताय, त्यात लेखी रूपापेक्षा एक खूण जास्त आहे. प्रमाण भाषेचा कैवार घेताना हे तुमच्या लक्षात आलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

या रूपानं इथे एक अडचण नक्की येते, आणि तुम्हाला टीकाच करायची होती तर ती यावर करता आली असती. इंदुरात मराठी वाचणारे बरेच आवाज हिंदीत तयार झालेले असतात. हिंदीच्या सवयीनं ‘झालं’वरच्या टिंबाचा ते ‘झालन्’सारखा नाकातला उच्चार करतात. पहिल्या ध्वनिमुद्रणात आम्हाला सबंध दुपार पुन्हा करावी लागली ती यामुळेच. आता निवेदकाच्या प्रतीत मी ‘झालऽ’, ‘केलऽ’ असं लिहिते आणि पहिल्या पानावर सांगून ठेवते की शेवटचा ‘अ’ थोडा लांबवायचा, नाक मध्ये आणायचं नाही. सालही नेहमी अक्षरांत लिहायचं. आकडा दिसला की आमच्याकडे जिभेवर ‘चौरासी’ येतं, मीही अपवाद नाही. ‘चौऱ्याऐंशी’ समोर लिहिलेलं असलं की माणूस तेच वाचतो.

कोरीव फलक, शिलालेखाचं वाचन, जुन्या पत्रातला उतारा हे सगळं मी आहे तसंच ठेवते. तिथला ‘केले’ मी कधी बदलला नाही, बदलणारही नाही. मागच्या लेखात हे लिहिलं होतं, तुम्ही तिथपर्यंत पोहोचला नसाल.

बोली कुणाची, हा प्रश्न उरतो. ‘तो येऊन राहिला आहे’ हे आमच्या घरात चालतं, संहितेत मी ते घालत नाही. एवढ्यावर तूर्त थांबते, त्यावर सवडीनं लिहीन.

तुमची प्रतिक्रिया काढून टाका असं दोघांनी सुचवलं. मी ती काढलेली नाही. पुढच्या वेळी मुद्दा जरूर मांडा, मी उत्तर देईन. फक्त आमची मराठी सुटली की राहिली, हे पुण्यात बसून ठरवू नका. इंदूरला याल तेव्हा कळवा. राजवाड्यासमोर उभं राहून दोन्ही उतारे एकदा माझ्याबरोबर ऐका, आणि तिथे जे वाटेल ते इथे लिहा. मी ते जसंच्या तसं ठेवीन.