पाण्यात पायही घातला नाही, तरी माझे 10,750?

ट्रिपहून परत येऊन अजून बॅगही उघडली नव्हती, तोवर ग्रुपवर मेसेज आला. ‘एकूण 86,000. आपण आठ जण. प्रत्येकी 10,750. रात्रीपर्यंत टाका रे.’ खाली हात जोडलेली दोन चित्रं. पाच मिनिटांत चार अंगठे. झाला हिशेब!

अहो, कसला हिशेब? याला भागाकार म्हणतात. चौथीतलं पोर करेल.

त्या 86,000 मध्ये 15,000 आहेत स्कूबा डायव्हिंगचे आणि 7,000 आहेत त्यासाठी घेतलेल्या बोटीचे. आणि मी स्कूबाला गेले नव्हते. तिथे पोचल्यावर टाळाटाळ केली असंही नाही. बुकिंगच्या तीन आठवडे आधी, त्याच ग्रुपवर लिहिलं होतं, ‘माझ्या कानाचा त्रास आहे, मला पाण्याखाली जायचं नाही, मला धरू नका.’ त्यावर ‘ओके’ असं उत्तर आलेलं आहे. अजून आहे तिथे. मी वर सरकवत सरकवत जाऊन बघून आले, कारण आपण वेडे तर नाही ना अशी शंका यायला लागते अशा वेळी.

आता कोण काय करत होतं ते सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आठांपैकी सहा जणांनी स्कूबाला हो म्हटलं. माणशी 2,500, पूर्ण पैसे आगाऊ, परत मिळणार नाहीत. ते बरोबरही आहे, कारण पहिल्यांदा उतरणाऱ्या प्रत्येकासाठी प्रशिक्षक आणि सिलिंडर बाजूला ठेवलेला असतो, आयत्या वेळी तो दुसऱ्या कुणाला कसा देणार? सातवी मैत्रीण म्हणाली, मी उतरणार नाही, पण बोटीत बसून बघायला येईन. आठवी मी. मी खोलीवर राहिले. म्हणजे आराम केला असं कुणी समजू नका; सगळ्यांच्या बॅगा, चाव्या, चार्जिंगला लावलेले फोन आणि आदल्या दिवशीचे ओले कपडे यांची राखण केली.

आणि त्या सहांतला एक वीर सकाळी बोटीपाशी जाऊन, जॅकेट अंगात चढवून, मग म्हणाला, ‘मूड नाही रे.’ रात्री तीनपर्यंत पत्ते कुटल्यावर मूड कुठून असणार! तो बोटीत बसून राहिला, उतरले पाचच.

आता सरळ हिशेब करा. राहणं, गाडी, जेवण मिळून 64,000. ते आठांचे, माणशी 8,000. यात माझी काही तक्रार नाही. बोट सबंध भाड्याने घेतली होती, त्यात सात जण चढले, म्हणून तिचे 7,000 सातांत, माणशी 1,000. बघायला गेलेल्या मैत्रिणीनेही ते द्यावेत, जागा तिनेही अडवली होती आणि ती स्वतःहून गेली होती. स्कूबाचे 15,000 त्या सहांचे, माणशी 2,500. म्हणजे माझे 8,000, तिचे 9,000, आणि सहा जणांचे प्रत्येकी 11,500. बेरीज करून बघा, 86,000 येतात. एक पैसा इकडेतिकडे नाही.

मग सरसकट भागाकाराने काय केलं? सहा जणांचे प्रत्येकी 750 वाचले. त्यांना ते कळलंही नसेल. पण ते पैसे हवेत गेले नाहीत. माझ्या खिशातून 2,750 आणि तिच्या खिशातून 1,750, असे मिळून 4,500 गेले. म्हणून तर कुणी चूक दाखवत नाही! ज्याचे 750 वाचतात त्याला वाटतं, एवढ्याशा रकमेवरून कशाला बोलायचं. आणि जिचे 2,750 जातात तिने बोललं की ती हिशेबी. कोणाची म्हैस आणि कोणाला ऊठबस.

मी लिहिलं. अगदी गोड लिहिलं, सुरुवातीला ‘अरे एक छोटीशी शंका’ असंही घातलं. (हे ‘छोटीशी शंका’ प्रकरण बंद केलं पाहिजे मी. आपलेच पैसे मागताना आपणच अपराध्यासारखं बोलायचं.) त्यावर उत्तरं काय? एक म्हणे, ‘तुझा निर्णय होता न येण्याचा.’ बरोबर! माझा निर्णय होता, म्हणूनच तर खर्च माझा नाही. दुसरा म्हणे, ‘ट्रिप सगळ्यांची असते, असं तुझं-माझं केलं तर मजा जाते.’ मजा तुमची गेली का? तुम्ही पाण्याखाली मासे बघून आलात, वर मला व्हिडिओ पाठवलात, ‘बघ काय मिस केलंस’ म्हणून. 2,750 ला तो व्हिडिओ जरा महागच पडला मला.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात भारी. ‘मग जेवणाचंही काढायचं का? कोण दोन घास जास्त जेवलं, कोण कमी?’ नाही, बाबा. तेवढी अक्कल मलाही आहे. एका सकाळी मी नाश्ता केला नाही, त्याचे पैसे मी वजा केलेले नाहीत. एका टेबलावर बसून खाल्लेलं मोजायचं नसतं, कारण त्यात कमी-जास्त आपोआप फिटतं, आज तू, उद्या मी. पण ज्याचं माणशी तिकीट असतं आणि ज्याला मी नाही म्हटलं होतं, ते फिटणार कुठे? त्याला साधा प्रश्न आहे: मी ट्रिपला आलेच नसते तर हा खर्च कमी झाला असता का? स्कूबाचे 15,000 तेवढेच राहिले असते. बोटीचे 7,000 तेवढेच. म्हणजे माझ्यामुळे त्यात काही वाढलं नाही आणि मला त्यातून काही मिळालंही नाही. खोल्यांचं भाडंही कदाचित तेवढंच राहिलं असतं, हे मान्य, पण खोलीत मी झोपले होते. जिथे झोपले तिथले देते, जिथे गेलेच नाही तिथले का देऊ?

यावर आमच्या हिशेबनीसाने मोठ्या मनाने ‘सुवर्णमध्य’ काढला. नवा मेसेज. स्कूबाचे 15,000 जे उतरले त्या पाचांत, माणशी 3,000. आणि बोट ‘सगळ्यांसाठी’ होती म्हणून तिचे 7,000 आठांत, माणशी 875. म्हणजे माझे 8,875. आता खूश?

खूश कसली! बघा काय झालं ते. ज्याने आयत्या वेळी मूड नाही म्हणून टांग मारली तो 2,500 मधून सुटला, त्याच्या जागेचे पैसे इमानाने उतरलेल्या पाचांवर पडले, प्रत्येकी 500. आणि मी, जी बोटीच्या आसपासही नव्हते, मला मात्र 875 ची बोट. चोर सोडून संन्याशाला फाशी! यांच्या लेखी ‘गेले नाहीत ते’ सगळे एकाच गठ्ठ्यात. अरे, तीन आठवडे आधी नाही म्हणणं आणि बोटीपाशी नाही म्हणणं यात फरक आहे. मी नाही म्हटलं तेव्हा एक पैसाही गेलेला नव्हता. त्याने नाही म्हटलं तेव्हा त्याच्या नावाचे 2,500 देऊन झाले होते, प्रशिक्षक उभा होता. ‘गेला की नाही गेला’ हे बघायचंच नसतं, ‘हो म्हटल्यावर पैसे अडकले की नाही’ ते बघायचं.

तो खरंच आजारी पडला असता, सर्दीने कान बंद झाले असते, तर गोष्ट वेगळी. तशात पाण्याखाली उतरूच देत नाहीत. मग ‘चला, त्याचे 2,500 आपण सगळे वाटून घेऊ’ असं कुणी म्हटलं असतं तर मीच पहिली तयार झाले असते. पण ती मदत झाली, आणि मदत विचारून घेतात. भागाकारात लपवून कापून घेत नाहीत.

यात त्या हिशेबाच्या ॲपचाही हात आहे. खर्च टाकला की सगळ्यांच्या नावापुढे आपोआप खूण असते. दोन नावांवरची खूण काढायला किती वेळ लागतो? दोन टिचक्या. पण साहेबांनी ट्रिप संपल्यावर सगळा खर्च एकाच ओळीत टाकला, ‘ट्रिप 86,000’. बोट वेगळी नाही, स्कूबा वेगळा नाही, काही नाही. एकदा सगळं एका पातेल्यात ओतलं की मग कुणाचं काय ते शोधणार कसं? स्कूबाचे पैसे भरले त्याच दिवशी ती ओळ सहा नावांवर टाकली असती तर हे महाभारत झालंच नसतं.

आणि त्यात माझे पेट्रोलचे 5,000! दोन वेळा टाकी मी भरली होती. ते त्या 64,000 मध्ये धरलेले आहेत, पण मी दिलेत हे दोन्ही मेसेजमध्ये कुठेच नाही. विचारलं तर म्हणे, ‘ते स्कूबाच्या भांडणात ॲडजस्ट करू.’ ॲडजस्ट! कुणी किती द्यायचे आणि कुणी किती दिलेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी माझा वाटा ठरवा, 8,000. मग त्यातून मी दिलेले वजा करा, 5,000. उरले 3,000. यात भांडण कुठे आलं?

शेवटी मी 3,000 पाठवून दिले आणि ग्रुपवर चार ओळींत हिशेब लिहिला. सहा जणांचे प्रत्येकी 11,500 हेही लिहिलं, मूडवाल्याच्या नावासकट. दोन दिवस झाले. सगळ्यांनी वाचलंय, कुणी काही बोलत नाही. काल त्याच ग्रुपवर कुणीतरी वाढदिवसाचा केक टाकला, त्यावर मात्र सात प्रतिक्रिया.

आणि बोटीत बसून आलेल्या मैत्रिणीचा मला वेगळा, खाजगी मेसेज: ‘बरं झालं तू बोललीस, मलाही पटलं नव्हतं.’ मग बाई, ग्रुपवर का नाही बोललीस? तर म्हणे, तिने पहिल्याच रात्री 10,750 टाकून दिले. 1,750 जास्त. आता मागायला बरं दिसत नाही म्हणते. मी म्हटलं, माग. ती म्हणाली, ‘जाऊ दे गं, तूच विचार ना माझ्यासाठी.’