मॅच कट त्या ओळीत नसतो

पटकथेत एका सीनचा शेवट पुढच्या सीनच्या सुरुवातीशी जुळवणाऱ्या कटसाठी उजव्या बाजूला ‘मॅच कट टू:’ लिहिलं की लेखकाचं काम संपलं, असं मानणारे बरेच जण भेटतात. मला हे पटत नाही. त्या ओळीतून संकलकाला जवळपास काहीच कळत नाही. काय कशाशी जुळवायचं? आकार आकाराशी, हालचाल हालचालीशी, की आवाज आवाजाशी? हे त्या ओळीच्या वरच्या वाक्यात आणि पुढच्या सीनच्या पहिल्या वाक्यात असावं लागतं. तिथे नसेल तर ती ओळ म्हणजे नुसती इच्छा.

याचं कारण पटकथेचा पुढचा प्रवास बघितला की कळतं. आपण सीन ४१ आणि ४२ एका पानावर, एका दमात लिहितो. शूटिंगमध्ये ते दोन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या आठवड्यांत येतात, अनेकदा उलट क्रमानेही. असिस्टंट डायरेक्टर ब्रेकडाउन करतो ते सीनप्रमाणे: जागा, वेळ, पात्रं, प्रॉपर्टी. सीन ४२ च्या दिवशी सेटवर लोकांच्या हातात ४२ चीच पानं असतात. ‘मॅच कट टू:’ ही ओळ मात्र ४१ च्या शेपटाला लटकलेली, ती त्या दिवशी तिथे नसतेच. मग ४१ चा शेवट जवळून घेतलेल्या हातावर होतो आणि ४२ ची सुरुवात लांबून दिसणाऱ्या घरावर. संकलकाच्या टेबलावर हे दोन तुकडे आले की त्याने काय जुळवायचं?

एक उदाहरण घेऊ. एका कारकुनाने मारलेल्या शिक्क्यामुळे एका कुटुंबाचं घर जातं. साधारण असं लिहिलेलं दिसतं:

दृश्य ४१. आतील. कचेरी. दुपार.
कारकून कागदांवर शिक्के मारतोय. शेवटचा कागद घर रिकामं करण्याचा हुकूम आहे. तो त्यावर शिक्का मारतो.
मॅच कट टू:
दृश्य ४२. बाहेरील. जुनं घर. सकाळ.
कुटुंब सामान घेऊन रस्त्यावर उभं आहे. दोन माणसं दारावर फळ्या ठोकत आहेत.

लेखकाच्या डोक्यात शिक्का आणि हातोडी जुळलेत, हे उघड आहे. पण कागदावर ४२ ची सुरुवात कुटुंबाने होते. दिग्दर्शक ते वाचून आधी कुटुंब दाखवेल आणि त्यात त्याची काही चूक नाही. हातोडीचा तर शब्दसुद्धा नाही, ती ‘ठोकत आहेत’मध्ये लपली आहे.

आता हेच असं लिहून बघा:

दृश्य ४१. आतील. कचेरी. दुपार.
कारकून एकामागून एक शिक्के मारतोय. ठप्प. ठप्प.
शेवटचा कागद: घर रिकामं करण्याचा हुकूम.
फक्त त्याची मूठ आणि शिक्का. मूठ वर जाते, खाली येऊ लागते…
मॅच कट टू:
दृश्य ४२. बाहेरील. जुन्या घराचं दार. सकाळ.
…आणि हातोडी खिळ्यावर आदळते. ठक्क. फक्त मूठ, हातोडी, खिळा. (४१ मधल्या मुठीशी जुळतं.)
आणखी एक घाव. मग दिसतं: दारावर आडवी फळी. मागे रस्त्यावर सामान घेऊन उभं कुटुंब.

कॅमेऱ्याची लेन्स, कोन, काही लिहिलेलं नाही. तरी तीन गोष्टी पक्क्या झाल्या. ‘फक्त मूठ’ म्हटल्यावर दोन्ही बाजूंना आकार साधारण सारखा राहणार. हालचाल वरून खाली आहे. आणि वाक्य मध्येच तोडून पुढच्या सीनमध्ये पूर्ण केल्यामुळे कट नेमका कुठे बसतो, तेही वाचतानाच कळतं: मूठ हवेत असताना. हालचालीच्या मध्यावर केलेला कट डोळ्याला टोचत नाही, कारण डोळा तेव्हा हालचालीच्या मागे लागलेला असतो. शिक्का टेकल्यावर हात थांबला आणि मग हातोडी उचलली गेली, तर तो दोन सीनमधला साधा कट होतो.

कंसातली ती छोटी नोंद काही लोकांना खटकते. पटकथा वाचायला सुंदर असावी, तिच्यात असल्या कारकुनी सूचना नकोत, असं त्यांचं म्हणणं. मी ती ठेवतो. ४२ ची पानं एकटी फिरतात तेव्हा तिच्यामुळेच सेटवर कोणीतरी विचारतं, ‘४१ ची मूठ कशी घेतली होती?’ मग कंटिन्युइटी बघणारी व्यक्ती त्या शॉटचं जपून ठेवलेलं स्थिरचित्र काढते. मूठ फ्रेमच्या कोणत्या बाजूला होती, केवढी होती, हात उजवा की डावा, सगळं त्यात दिसतं.

उजवा-डावा ही क्षुल्लक गोष्ट नाही. कारकुनाचं काम करणारा नट डावखुरा निघाला आणि हातोडीवाला उजव्या हाताने ठोकत असेल, तर मूठ एकदम फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला उडी मारते. संकलक एक शॉट आरशासारखा उलटा करू शकतो, पण फ्रेममध्ये अक्षरं नसतील तरच. ४१ मध्ये हुकमाचा कागद आहे, तो उलटा झाला की लगेच कळेल. म्हणजे उलटा करायचा तर ४२ चा शॉट, आणि तिथे मागे कसलीही पाटी नको. आणखी एक: ४१ च्या शूटिंगमध्ये शिक्का पूर्ण टेकेपर्यंत आणि ४२ च्या शूटिंगमध्ये हातोडी वर उचलण्यापासून घेतलेलं असावं. पटकथेत वाक्य तुटलं म्हणून शॉट तिथे तोडू नये. कट चार फ्रेम इकडे की तिकडे, हे ठरवायला संकलकाला दोन्हीकडे जादा चित्रण लागतं.

आता आवाजाकडे येतो. माझ्या मते लिखाणात खरी ढिलाई इथेच होते. ‘पुढच्या सीनचा आवाज आधी ऐकू येतो’ एवढ्यावर लोक थांबतात. जे कट, एल कट, प्री-लॅप ही नावं सगळ्यांना माहीत असतात. जे कट किंवा प्री-लॅपमध्ये पुढच्या सीनचा आवाज चित्राच्या आधी येतो, एल कटमध्ये आधीच्या सीनचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळतो. नाव लिहायला हरकत नाही, पण संकलकाला हवं असतं ते वेगळंच. आवाज कोणत्या क्षणी सुरू होतो? पात्राला तो ऐकू येतो का? आणि तो कुठून येतोय, हे प्रेक्षकाला कधी कळतं?

तोच प्रसंग आवाजाने नेला तर:

शेवटचा शिक्का. ठप्प.
कारकून शिक्का बाजूला ठेवतो. कागद फायलीत लावतो. फायलीची नाडी बांधू लागतो.
ठक्क. लाकडावरचा जड घाव. (आवाज दृश्य ४२ चा.) कारकुनाला तो ऐकू येत नाही.
ठक्क. तो नाडीची गाठ मारतो.
तिसऱ्या घावाला
कट टू:
दृश्य ४२. बाहेरील. जुन्या घराचं दार. सकाळ.
हातोडी खिळ्यावर. ठक्क.

‘कारकुनाला तो ऐकू येत नाही’ हे वाक्य नसेल तर काय होईल, ते बघा. सहायकाने वाचताना ‘ठक्क’ म्हटलं की नट दचकून खिडकीकडे बघेल. स्वाभाविक आहे. आणि मग संकलकाच्या हातात असा शॉट येतो, ज्यात आवाज कचेरीच्या बाहेरून आल्यासारखा वाटतो. प्रेक्षक समजेल, शेजारी दुरुस्ती चालू आहे. सगळा अर्थ गेला.

दुसरी गोष्ट नाडीची. ती शोभेसाठी घातलेली नाही. घावांमध्ये एकेक सेकंदाचं अंतर धरलं, तर तीन घावांना दोन-तीन सेकंद लागतात, म्हणजे २४ फ्रेमच्या हिशेबाने पन्नास-साठ फ्रेम. तेवढा वेळ पडद्यावर काहीतरी शांतपणे चाललेलं हवं. लेखकाने ‘तो शिक्का मारतो’ म्हणून सीन संपवला, तर दिग्दर्शक तिथेच ‘कट’ म्हणेल आणि तो आवाज ठेवायला संकलकाकडे चित्रच उरणार नाही. त्याच जागी शेजारच्या टेबलावरून कोणी ‘चहा घेणार का?’ विचारलं, तर घाव आणि वाक्य एकमेकांवर आदळतील. आवाजाने सीन ओढायचा असेल तर त्या जागी संवाद नको.

हे दोन पर्याय एकच गोष्ट सांगत नाहीत, म्हणून निवड लेखकाने करायची. पहिल्यात शिक्का हीच हातोडी आहे, आरोप थेट आहे. दुसऱ्यात माणूस आपलं काम उरकून नाडी बांधतोय आणि त्याच्या कामाचा परिणाम त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. मला दुसरा आवडतो. पण कथेत हाच कारकून पुढे पस्तावणार असेल, तर मी पहिला घेईन.

आवाजाच्या बाबतीत हिचकॉकचा १९३५ चा ‘द थर्टी नाइन स्टेप्स’ अजून शिकवतो. घर सांभाळणाऱ्या बाईला प्रेत दिसतं, ती वळते, किंचाळायला तोंड उघडते आणि ऐकू येते रेल्वेची शिट्टी. मग कट, बोगद्यातून बाहेर पडणारी गाडी. शिट्टी बाईच्या चेहऱ्यावर सुरू होते, म्हणून ती किंकाळीची जागा घेते. गाडी दिसल्यावर ती वाजली असती तर फक्त गाडीची राहिली असती. पटकथेत ‘शिट्टी’ हा शब्द सीनच्या रेषेच्या वर लिहायचा की खाली, एवढ्याशा फरकात हे सगळं आहे.

‘इतकं लिहून ठेवलं तर संकलकाने करायचं काय?’ हा आक्षेप मी ऐकलाय. १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये लॉरेन्स जळती काडी फुंकतो आणि वाळवंटावर सूर्य उगवतो. पटकथेत तिथे डिझॉल्व्ह होता, म्हणजे एक चित्र विरत जाऊन त्यातून दुसरं उमटणं. संकलक अ‍ॅन कोट्स यांनी सांगितलंय की कच्च्या जोडणीत डिझॉल्व्ह तयार नव्हता, ती दोन चित्रं सरळ एकापुढे एक दिसली आणि तिथून तो सरळ कट झाला. जोडणीचा प्रकार बदलला, पण काडी आणि सूर्य दोन्ही हाताशी होते म्हणून तो बदलता आला. म्हणून जोडणीच्या प्रकारासाठी मी कधी भांडत नाही, भांडतो ते दोन्ही टोकं शूट व्हावीत म्हणून.

याची एक किंमत मात्र आहे. मॅच कटने दोन सीन एकमेकांना बांधले जातात आणि संकलनात सीन हलतात. ४१ आणि ४२ च्या मध्ये घरातला एखादा सीन आणून ठेवावासा वाटला, तर मुठीची जोडी तुटते. मग अर्ध्या हवेतली मूठ आणि अचानक सुरू होणारी हातोडी, दोन्ही विचित्र दिसतात. म्हणून प्रत्येक टोक एकट्यानेही उभं राहील असं लिहावं: शिक्का टेकून सीन नीट संपू शकेल, आणि हातोडीने सुरू झालेला सीन आधीच्या मुठीशिवायही समजेल. आवाजाची जोडणी या बाबतीत लवचीक असते. ठक्क कोणत्याही शांत चेहऱ्यावर ठेवता येतो. ज्या सीनची जागा बदलण्याची शक्यता वाटते, तिथे मी आवाजच निवडतो. सगळीकडे असल्या जोडण्या करणाऱ्या पटकथेचा मला कंटाळा येतो, ते वेगळं.

खाली लिहून ठेवतो, कारण हे दरवेळी राहून जातं: ज्या आवाजावर जोडणी उभी आहे तो शूटिंगच्या जागीच, कॅमेरा बंद ठेवून, माइक जवळ नेऊन वेगळा रेकॉर्ड करून घ्यायला सांगा. तेच दार, तीच फळी, तीच हातोडी, दहा-बारा घाव, प्रत्येक घावानंतर घुमणारा नाद पूर्ण विरेपर्यंत थांबून. ४२ च्या शॉटमधल्या आवाजात कुटुंबाचं रडणं, रहदारी, दिग्दर्शकाच्या हाका हे सगळं मिसळलेलं असतं, आणि तो कचेरीतल्या शांततेवर ठेवला की रहदारीही सोबत आत येते. ४२ च्या पहिल्या ओळीत ‘घावांचा आवाज वेगळा घ्यावा’ एवढं लिहिलं तरी साउंडवाल्यांच्या यादीत ते चढतं.